पणतीचा उजेड पाटावर, लेबल मात्र स्वच्छ

प्रश्न: मी घरी उटणं करून काचेच्या बरणीत विकते. दिवाळीच्या जाहिरातीसाठी बरणीभोवती खऱ्या पणत्या लावून फोटो काढते. खोलीतला दिवा चालू ठेवला तर पणत्या नुसत्या नावाला पेटलेल्या दिसतात, बंद केला तर बरणी काळी पडते, फ्लॅश मारला तर सगळंच पांढरंफटक. पणत्यांचा मऊ उजेड आजूबाजूला पसरलेला दिसावा आणि बरणीचं लेबलही नीट वाचता यावं, हे एका फोटोत कसं जमवायचं?

उत्तर:

खोलीतला दिवा बंदच ठेवायचा. पणत्यांचा उजेड पाटावर आणि बरणीच्या कडांवर पडू द्यायचा, आणि लेबलासाठी एक वेगळा छोटा दिवा लावायचा, पण त्या दिव्याचा उजेड पाटावर सांडू द्यायचा नाही. हे ‘सांडू न देणं’ हेच खरं काम आहे. कॅमेऱ्याची सेटिंग त्यामानाने सोपी असतात.

आधी आकडे बघू, म्हणजे खोलीतल्या दिव्याने काय बिघडतं ते कळेल. एका पणतीचा उजेड साधारण एका मेणबत्तीइतका धरला, तर ज्योतीपासून १० सेंटीमीटरवर १०० लक्स मिळतात. २० सेंटीमीटरवर तेच २५ होतात आणि ४० सेंटीमीटरवर जेमतेम ६. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. ट्यूबलाइट मात्र टेबलावर सगळीकडे सारखेच दीडशे-दोनशे लक्स सहज टाकते. म्हणजे पणतीच्या अगदी शेजारीसुद्धा ट्यूबचाच उजेड वरचढ, आणि वीतभर लांब तर पणतीचं नावही उरत नाही. ज्योत स्वतः तेजस्वी असल्यामुळे फोटोत दिसते, पण तिचा पाटावर पडलेला सोनेरी डाग धुऊन निघतो. म्हणून पणत्या चिकटवल्यासारख्या वाटतात. पडदे ओढा, ट्यूब बंद करा, शेजारच्या खोलीचा दरवाजाही लोटून घ्या. दिवसा काम करायचं असेल तर खिडकीवर जाड चादर हवी. नाहीतर सरळ सूर्यास्तानंतर बसा.

आता पणती. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण इथे शब्दशः घ्यायची. ज्योत पणतीच्या मधोमध असेल, तर पणतीचा काठच तिचा उजेड पाटावर जाऊ देत नाही. नेहमीची लहान पणती घ्या: उंची अडीच सेंटीमीटर, मधल्या बिंदूपासून काठ साडेतीन सेंटीमीटरवर. मध्ये फुलवात ठेवली आणि ज्योतीचा मध्य काठापेक्षा दीड सेंटीमीटर वर असला, तर काठाची सावली पणतीच्या मध्यापासून नऊ सेंटीमीटरच्या पुढेपर्यंत पडते. म्हणजे पणतीभोवती अंधाराचं एक मोठं वर्तुळ होतं आणि तुम्हाला हवा असलेला उजेड त्याच्या पलीकडे, तोही विरळ होऊन पोचतो. तीच पणती चोचीची घेतली, लांब वात चोचीत आणून ज्योत काठापासून अर्ध्या सेंटीमीटरवर ठेवली, की चोचीच्या दिशेला सावली ज्योतीपासून सव्वा-दीड सेंटीमीटरमध्ये संपते. उजेड थेट पाटावर उतरतो. तेव्हा पूजेला फुलवात लावा, फोटोला चोचीची पणती आणि लांब वात. चोच बरणीकडे किंवा पाटाच्या मोकळ्या भागाकडे वळवायची. कॅमेऱ्याकडे चोच केली तर उजेड पाटाच्या पुढच्या कडेवर पडतो आणि बरणीच्या वाट्याला पणतीची पाठ येते.

तेल काठाखाली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत भरा. तेल कमी झालं की ज्योत वाटीत खाली बसते आणि सावली पुन्हा लांबते. पंधरा-वीस मिनिटांनी फोटो हळूहळू ‘मरत’ चाललेत असं वाटलं, तर सेटिंगला हात लावण्याआधी तेल बघा. वात चोचीबाहेर तीन-चार मिलिमीटर पुरे. जास्त बाहेर काढली की ज्योत उंच होते, टोकाला धूर सुटतो आणि ती नाचायला लागते. वातीच्या टोकाला काजळीचं फूल धरलं की ज्योत दुभंगते. ते चिमट्याने काढून टाकायचं. तीळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल चालतं. तुपाची ज्योत शांत असते, पण थंडीत तूप थिजतं आणि वात मध्येच उपाशी राहते.

नव्या पणत्या आदल्या दिवशी पाच-सहा तास पाण्यात बुडवून, मग पूर्ण सुकवून घ्या. कोरी माती तेल पिते. न भिजवलेल्या पणतीचं तेल तासाभरात बुडातून पाझरून पाटावर काळपट गोल उमटवतं. पाट लाकडी असेल तर तो डाग जन्माचा. भिजवूनही थोडं पाझरतंच, म्हणून प्रत्येक पणतीच्या बुडाखाली तिच्याहून जरा लहान अशी फॉइलची चकती ठेवा. ती फोटोत दिसत नाही. अर्धवट सुकलेली पणती मात्र वापरू नका, वात तडतडते आणि तेलाचे बारीक थेंब बरणीवर उडतात. काचेवरचे ते ठिपके फोटो मोठा करून पाहिल्यावरच दिसतात, आणि तोवर पणत्या विझवून झालेल्या असतात.

पृष्ठभागाची निवड बऱ्याच जणांची इथे चुकते. उजेड ‘पसरलेला’ दिसायला खाली मॅट आणि मध्यम रंगाचं काहीतरी हवं. पॉलिश नसलेला सागवानी पाट, गव्हाळ खादी, शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा रंग दिलेला बोर्ड, हे उत्तम. काळं मखमल उजेड गिळून टाकतं. चकचकीत सनमायका किंवा काळी ग्रॅनाइट उजेड पसरवत नाही, ज्योतीचं उभं प्रतिबिंब दाखवते. ते दिसायला सुंदर असतं, पण तुम्ही विचारलेला मऊ उजेड तो नव्हे. पांढरी चादर घेतली तर उजेड छान पसरतो, फक्त लेबलही पांढरं असेल तर डोळा आधी चादरीवर जातो.

आता लेबलाचा दिवा. छोटा एलईडी पॅनेल असेल तर तो घ्या, कमी-जास्त करता येणारा. नसेल तर अभ्यासाचा टेबललॅम्प चालेल. समोर बटर पेपर लावून उजेड मऊ करा. पेपर बल्बला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. दिवा कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, बरणीशी साधारण ४५ अंशांच्या कोनात, ६० सेंटीमीटर लांब ठेवा. उंची बरणीच्या गळ्याइतकी किंवा थोडी वर. फार वर नेऊ नका. वरून येणारा उजेड पाटावरच जास्त पडतो, आणि मग आपण ट्यूबलाइटच्या जागी दुसरी ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं.

आता काळ्या कार्डशीटची लांब, बरणीपेक्षा बरीच बुटकी पट्टी घ्या. दिवा आणि पाट यांच्या मध्ये, दिव्यापेक्षा बरणीच्या जास्त जवळ पण फोटोच्या चौकटीबाहेर, ती आडवी उभी करा. दोन डब्यांच्या आधाराने उभी राहते. पाटावर तिची सावली पडेल. कार्ड हळूहळू वर उचलत जा. सावलीची कड पाटावरून सरकत बरणीच्या बुडापाशी येईल, मग बरणीवर चढायला लागेल. लेबलाची खालची कड बुडापासून दोन सेंटीमीटर वर असेल, तर सावली दीड सेंटीमीटरवर थांबवा. आता पाट अंधारात आहे, लेबल उजेडात आहे, आणि बरणीचं बूड पणतीच्या उजेडासाठी मोकळं आहे. बटर पेपरमुळे सावलीची कड आपोआप मऊ होते, म्हणून रेघ दिसत नाही. कार्ड दिव्याच्या अगदी जवळ लावलं तर कड इतकी पसरते की सावली नक्की कुठे थांबली ते कळतच नाही, म्हणून ते बरणीकडे.

हाच उजेड बरणीला ओलांडून मागे उजवीकडे जातो. तिथे भिंत जवळ असेल तर ती उजळते आणि सगळा मूड जातो. पाट भिंतीपासून दीड मीटर पुढे ओढा, किंवा उजव्या बाजूला चौकटीबाहेर दुसरी काळी शीट उभी करून तो उजेड अडवा. मागे आकाशकंदील अंधूक दिसावा असं सगळ्यांना वाटतं. वाटू द्या, पण त्यात नऊ वॉटचा एलईडी बल्ब ठेवू नका. तो अख्ख्या पाटावर उजेड पाडेल. अर्ध्या वॉटचा झिरो बल्ब पुष्कळ झाला.

सगळं एकदा मांडून पाहू. बरणी १० सेंटीमीटर उंच, पाटाच्या मध्यापेक्षा किंचित उजवीकडे. पहिली पणती डावीकडे पुढे, ज्योत बरणीपासून १२ सेंटीमीटर, चोच बरणीकडे. दुसरी उजवीकडे किंचित मागे, १५ सेंटीमीटरवर, तिची चोचही आत वळलेली. ही दुसरी पणती महत्त्वाची: लेबलाच्या दिव्यामुळे बरणीची जी सावली मागे उजवीकडे पडते ती हीच भरून काढते, आणि बरणीच्या उजव्या कडेवर एक सोनेरी रेघ देते. ती रेघ नसेल तर बरणी दुसऱ्या फोटोतून कापून आणल्यासारखी वाटते. बाकी दोन पणत्या ४०-५० सेंटीमीटर मागे, केवळ अंधूक गोळे दिसण्यासाठी. त्यांचा उजेड बरणीपर्यंत पोचत नाही, तेव्हा तिथे फुलवातीही चालतील. आठ-दहा पणत्यांची गर्दी करू नका. उजेड सगळीकडून आला की कुठूनच आल्यासारखा दिसत नाही.

पंखा आणि एसी बंद, ज्योत पेटवून दोन-तीन मिनिटं थांबा. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस लेबलावरच्या अक्षरांवर, हाताने लावलेला. ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर ८० सेंटीमीटर अंतरावर एफ ५.६ ठेवा. लेबल पूर्ण धारदार येतं आणि पुढची पणती थोडी मऊ होते, तेवढी चालते. आयएसओ ८००, शटर १/८ सेकंद, इथून सुरुवात करा. आयएसओ २०० आणि अर्धा सेकंद घेतला तरी उजेड तेवढाच नोंदला जातो आणि फोटोत दाणेही कमी येतात, पण अर्ध्या सेकंदात ज्योत जरा जरी हलली तरी तिचा जाडजूड गोळा होतो. ज्योतीचा आकार वाचवायचा तर थोडे दाणे सोसा.

फोन असेल तर प्रो मोड उघडा. फोनचं छिद्र साधारण एफ १.८ असतं, त्यामुळे आयएसओ १०० आणि १/१० सेकंद एवढ्यात काम होतं. फोन टेकवून ठेवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. नाइट मोड आणि एचडीआर दोन्ही बंद. नाइट मोड बरेच फोटो एकावर एक रचतो, अंधाऱ्या जागा उजळवतो आणि पणतीभोवतीचा उजेडाचा उतार सपाट करून टाकतो. दिसताना फोटो ‘स्वच्छ’ दिसतो, पण उजेड पसरल्याचा भास त्या उतारातूनच येत असतो.

आता एक तपासणी, जी कधीही गाळू नये. लेबलाचा दिवा बंद करून फक्त पणत्यांवर एक फोटो घ्या. त्यात पाटावर उजेडाचे डाग दिसले पाहिजेत, बरणीच्या कडा आणि बूड उमटलं पाहिजे, लेबल जेमतेम वाचता आलं तरी हरकत नाही. मग पणत्यांपुढे शीट धरून, किंवा त्या पेटवण्याआधीच, त्याच सेटिंगवर फक्त लेबलाच्या दिव्यावर दुसरा फोटो घ्या. त्यात लेबल स्वच्छ आणि पाट जवळजवळ काळा हवा. या दुसऱ्या फोटोत पाट तपकिरी दिसतोय, त्याच्या रेषा दिसतायत, तर उजेड सांडतोय. कार्डाकडे परत जा. दोन्ही फोटो आपापल्या जागी बरोबर असतील तर दोन्ही दिवे एकत्र लावल्यावर तिसरा बरोबर येतोच, कारण दोन उजेडांची नुसती बेरीज होते. बहुतेक जण तिसऱ्याच फोटोपासून सुरुवात करतात आणि काय चुकलं ते शोधत बसतात.

लेबल किती उजळ असावं? पाटावरच्या उजेडाच्या डागापेक्षा दुप्पट ते चौपट, म्हणजे एक ते दोन स्टॉप. दुपटीपेक्षा कमी असेल तर नजर पणत्यांवर अडकते. चौपटीच्या वर गेलं की बरणीवर टॉर्च मारल्यासारखं दिसतं. मोजायचं साधन नको, फोटो एडिटरमध्ये लेबलाच्या पांढऱ्या भागाचा आकडा २५५ पैकी २०० ते २२०च्या दरम्यान आला की पुरे. २५०च्या पुढे गेला तर बारीक अक्षरांच्या कडा खाल्ल्या जातात.

शटर आणि पॅनेल वेगवेगळ्या कामाला लावता येत नाहीत, शटर वाढवलं की दोन्ही उजळतात. म्हणून क्रम असा: आधी पणत्यांना शोभेल असं शटर ठरवा, आणि मग त्याला हात न लावता पॅनेल मागे-पुढे सरकवून लेबल जुळवा. कॅमेऱ्याला वेगळा फ्लॅश जोडता येत असेल तर हे आणखी सोपं होतं. फ्लॅशची चमक शटरच्या वेळेच्या मानाने क्षणभराची असते, त्यामुळे १/८ घ्या नाहीतर १/४, लेबल तेवढंच उजळतं, फक्त पणत्यांचा उजेड बदलतो. तुमच्या फ्लॅशने सगळं पांढरं झालं ते तो कॅमेऱ्याच्या डोक्यावरून समोर मारल्यामुळे आणि कॅमेऱ्याने शटर आपोआप १/६०च्या आसपास नेल्यामुळे. तोच फ्लॅश बाजूला, बटर पेपरमागे, कमीत कमी ताकदीवर आणि वर सांगितलेल्या कार्डाच्या आड लावला तर गुणी मुलासारखा वागतो.

रंगाचा भाग वेगळा बघावा लागतो. पणतीच्या ज्योतीचं रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास असतं, दिवसाच्या उजेडाचं साडेपाच हजार. लेबलाचा दिवा पांढराशुभ्र ठेवला आणि कॅमेराही ५५०० वर लावला, तर लेबल पांढरं येतं खरं, पण पाट भडक लालसर नारिंगी होतो, त्यातला लाल रंग टोकाला जाऊन बसतो आणि लाकडाच्या रेषा पुसल्या जातात. उलट कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो पणतीचा पिवळेपणा ‘दुरुस्त’ करून टाकतो आणि दिवाळीचा फोटो दवाखान्यातला वाटतो. मधला मार्ग: पॅनेल ३८०० केल्विनवर ठेवा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही हाताने ३८००वर. लेबल पांढरं राहतं आणि पणती सोनेरी. पॅनेलला रंग बदलायची सोय नसेल, किंवा फ्लॅश असेल, तर त्यावर हाफ सीटीओ नावाचा नारिंगी जेल कागद लावला की साधारण तिथेच पोचता. जिलेबीच्या पुड्याचा पिवळा सेलोफेन वापरू नका, त्यात हिरवट झाक असते आणि उटण्याचा रंग आजारी दिसतो. टेबललॅम्पमध्ये पिवळसर ‘वॉर्म’ बल्ब असेल तर तो ३००० केल्विनच्या जवळ असतो, मग कॅमेराही ३०००वर आणा. पणती जरा फिकट दिसेल, पण नारिंगीच राहील.

काच आणि ज्योत एकत्र आली की प्रतिबिंबं येणारच. बरणीच्या खांद्यावर किंवा कडेवर ज्योतीचा एक बारीक ठिपका राहू द्या, त्याने काच काचेसारखी वाटते. लेबलावर मात्र नको. लेबल मॅट कागदाचं असेल तर प्रश्न नाही, लॅमिनेशनचं असेल तर पुढची पणती दोन बोटं बाजूला सरकवा किंवा बरणी चार-पाच अंश फिरवा. कॅमेऱ्याच्या जागेवरून बघतच हे करायचं, उभं राहून वरून बघितलं तर प्रतिबिंब दुसरीकडेच दिसतं.

याशिवाय एक भुताटकीचं प्रतिबिंब असतं: अंधारात हवेत तरंगणारी फिकट, हिरवट, उलटी ज्योत. ती लेन्समध्येच तयार होते. तिची जागा ठरलेली असते, खऱ्या ज्योतीपासून फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ ओढली की पलीकडे तेवढ्याच अंतरावर. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी काढा, बऱ्याचदा तेवढ्याने जाते. फोनवर काढण्यासारखं काही नसतं, पण जागा माहीत असल्यामुळे चौकट थोडी सरकवून ते भूत दुसऱ्या पणतीच्या ज्योतीवरच नेऊन बसवता येतं. आणि फोनची काच पुसा. तेलकट बोटाचा ठसा असेल तर प्रत्येक ज्योतीला एकाच दिशेने लांब शेपूट फुटतं.

ज्योत स्वतः पांढरी जळून जाते, ही तक्रार यानंतर येईल. तिथे निसर्गाचीच मर्यादा आहे. ज्योतीची चमक पाटावरच्या उजेडाच्या शेकडो पट असते, एका फोटोत दोन्ही पूर्ण तपशिलासह मावत नाहीत. मागच्या पणत्यांचं काही बिघडत नाही, पण पुढची मोठी दिसत असेल तर काहीही न हलवता शटर १/२५०, १/५०० आणि १/१००० असे आणखी तीन फोटो घेऊन ठेवा. त्यातल्या ज्या फोटोत ज्योत पिवळी आणि बुडाशी निळसर दिसते तो निवडा, मूळ फोटोवर थर म्हणून ठेवा आणि मऊ ब्रशने फक्त ज्योतीपुरता दाखवा, तोही पन्नास-साठ टक्केच. शंभर टक्के दाखवला तर मूळ फोटोतलं पांढरं वलय बाहेर उरतं आणि ज्योत स्टिकरसारखी दिसते. एडिटिंग इथेच थांबवा. सावल्या उजळवायची पट्टी ओढलीत तर कार्ड धरून कमावलेला अंधार परत जातो.

जपायच्या गोष्टी उटण्यामुळे जरा जास्त आहेत. सजावटीला उटणं ठेवायचं तर लहान वाटीत, दाबून, ज्योतीपासून वीतभर लांब. हातातून भुरभुरवून ‘उडतं उटणं’ दाखवायचा मोह पेटलेल्या पणत्यांजवळ अजिबात नको. हवेत उडालेली कोरडी बारीक पूड ज्योतीवर भपकन पेटते. झेंडूच्या पाकळ्या ताज्या घ्या, चोचीपुढे नकोत. बरणी आणि ज्योत यांत आठ सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नका: काच एका बाजूने तापते, लेबलाचा गोंद सुटून कड उचकटते आणि काजळी धरते ती वेगळीच. पदर, ओढणी खोचून घ्या. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी टाकू नका, स्टीलचं ताट उपडं घाला. ते ताट आणि वाळूची एक बादली टेबलापाशी आधीच ठेवलेली हवी.

आणि पणत्या फुंकून विझवू नका. धूर चौकटीत लटकत राहतो, वातीच्या टोकाचं तेल उडतं, आणि एखादा फोटो पुन्हा घ्यायचा झाला तर हवा निवळेपर्यंत दहा मिनिटं बसून राहावं लागतं. वात चिमट्याने तेलात बुडवली की ज्योत निमूट विझते, आणि तीच वात पुन्हा वर ओढून लगेच पेटवता येते.